सासूबाईंच्या नावावरची गोळी

आमच्या घरात एक गोळी अशी होती, की ती सगळ्या गावाच्या लेखी सासूबाईंची होती आणि खात होते मी. सकाळी चहाच्या आधी एक, रात्री जेवणानंतर एक. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, वर्षश्राद्धं झाली, त्यांची लुगडी वाटून झाली, पण त्यांच्या नावाची गोळी शहाद्याच्या मेडिकलमधून दर महिन्याला येतच राहिली. मेलेल्या बाईच्या नावावर औषध आणणारं घर आमच्या तालुक्यात दुसरं असेल असं मला वाटत नाही. असलं तर त्यांनी पुढे येऊन सांगावं, म्हणजे माझी लाज जरा कमी होईल.

गोळी फिटची. आमच्याकडे मिरगी म्हणतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मला पहिली फिट आली, ती गोठ्यात. शुद्धीवर आले तर नाकाशी कांदा धरलेला आणि सासूबाईंच्या मांडीवर माझं डोकं. त्यांनी गड्याला सांगितलं, उपास होता, चक्कर आली. दुसरी आली तेव्हा त्यांनी कोणाला काही न सांगता मला शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून धुळ्याला, तिथे डोक्याला तारा लावून तपासणी झाली. परत शहाद्याला आलो तेव्हा डॉक्टर कागदावर माझं नाव लिहायला लागले आणि सासूबाईंनी टेबलावर हात ठेवला.

"डॉक्टर, मन्हं नाव लिखा," म्हणाल्या. "मन्ह्या पोरी आपला आपला घर गयात. आते माले कोन दखाले येई? हाई नवी नवरी शे. हिनं नाव खराब नका करा."

डॉक्टर जुने होते, घरोब्याचे होते. त्यांनी नको म्हणून पाहिलं. पण आमच्या सासूबाईंपुढे तलाठीसुद्धा टिकायचा नाही, तिथे डॉक्टर काय टिकणार. त्यांनी नाव सासूबाईंचं लिहिलं. पेशंट कोण ते त्यांना ठाऊक होतं, तपासायचे ते मलाच, गोळी ठरवायचे ती माझ्याच वजनाने. कागदावरची बाई वेगळी, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आमची मूठ झाकलेली राहिली.

आणि गावात काय झालं? औषधाचा कागद सासूबाईंचा म्हटल्यावर मिरगीही सासूबाईंचीच झाली. त्यांनी ती नाकारली नाही. कोणी आडून विचारलं तर त्या सरळ म्हणायच्या, "हां, माले येस मिरगी. तुले काय करनं शे?" पुढे विचारायची कोणाची छाती होत नसे. मग लग्नाकार्यात त्यांना चुलीपाशी कोणी बसू देईना, विहिरीवर एकट्या गेल्या की कोणीतरी मागोमाग जायचं, लेकुरवाळ्या बाया त्यांच्या हातात तान्हं मूल द्यायला कचरायच्या. मी हे सगळं बघत होते. तोंड उघडून एक शब्द बोलले नाही. मनात म्हणायचे, त्यांनीच तर ठरवलंय.

पुढे जुने डॉक्टर गेले आणि दवाखान्यात त्यांचा मुलगा बसायला लागला. तोही शिकून आलेला, मोठा डॉक्टर, स्वभावाने गरीब. जुन्या डॉक्टरांनी आमची गोष्ट त्याला सांगितली होती की नाही ते आम्हाला कळलं नाही, आणि विचारायचं कसं? तेव्हापासून ह्या गोळीसाठी मी दवाखान्यात जाणंच बंद केलं. आमचे हे मोटरसायकलवर जायचे, "आईचं औषध संपलं" म्हणायचे, नवा कागद घेऊन यायचे. मेडिकलवाला मारवाडी माणूस काटेकोर, जुनाट कागदावर गोळी देत नसे, म्हणून सहा महिन्यांनी का होईना, जावंच लागायचं. डॉक्टर विचारायचे, आजी कशा आहेत? हे म्हणायचे, बऱ्या आहेत. सासूबाई गेल्या त्या महिन्यातही हे गेले, डॉक्टरांनी विचारलं, आजी कशा आहेत, आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, बऱ्या आहेत. एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळी मेल्या कसं म्हणायचं? आमचे हे तसे खोटं बोलणारे नव्हेत. बोलले की त्यांचे कान लाल होतात. पण ते एक वाक्य सहा महिन्यांतून एकदा बोलायचं, त्याची सवय झाली त्यांना.

तशीच वर्षं गेली असती. पण लेकीला दिवस गेले.

लेक जर्मनीत असते, जावई तिथे नोकरीला. बाळंतपणाला तिकडे या, असं दोघांनी सांगितलं. तीन महिने. मी तर त्याच दिवशी डिंक आणि मेथ्या निवडायला बसले. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं असतं. लेकीला शेक-शेगडी, बाळाला तेल लावून पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, टाळू भरायची. माझ्या लेकीचं सासूबाईंनी केलं नाही, माझ्या आईने केलं. तेव्हा मला वाटायचं, सासूबाईंना मिरगीचं नाव पडलंय म्हणून त्या बाळाला हात लावत नाहीत, बरंच झालं, आई करतेय. काय माझं डोकं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तुम्हा दोघांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम आणायच्या. इथे आपल्या डॉक्टरच्या कागदावर मिळत नाहीत. आणि सोबत डॉक्टरचा कागद हवा, इंग्रजीत, पासपोर्टवर आहे तेच नाव, गोळीचं कंपनीचं नाव नाही तर मूळ नाव, रोज किती, किती महिन्यांच्या, खाली सही, शिक्का आणि डॉक्टरचा नंबर. बाबांची बीपीची आणि तुझी थायरॉइडची."

थायरॉइडची माझ्या नावावर होती. ती राजरोस होती. थायरॉइडला कोणी नाक मुरडत नाही.

"बरं," मी म्हणाले. दुसऱ्या गोळीबद्दल लेकीला माहीत नव्हतं. तिच्या लेखी ती आजीची होती आणि आजीबरोबर गेली होती.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. हे म्हणाले, "पाकिटातून काढू, थायरॉइडच्या डबीत भरू." मी म्हणाले, "नाहीतर लाडवाच्या डब्यात तळाला." असे आमचे बेत. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, मुलांना खोटं बोलू नका म्हणून वाढवणारी, आणि गोळ्या लाडवाखाली दडवायचं ठरवत बसलेली. पण गोळ्या दडवायला आधी हातात तरी हव्यात. मेडिकलवाला म्हणाला, तीन महिन्यांच्या एकदम हव्या तर डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं आणा. म्हणून मग दवाखाना. ह्या वेळी मीही गेले, कारण थायरॉइडचा कागद माझाच आणायचा होता.

वाटेत हे म्हणाले, "तू काही बोलू नको. मी बोलस."

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर जागा मिळाली ती नेमकी आमच्याच गल्लीतल्या शेजारणीजवळ. ही बाई म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. सून गरोदर आहे का, दूध कोण घालतं, मोटार कोणाची जळाली, सगळं तिला पहिल्यांदा कळतं. तिने विचारलं, कसाले उनी? मी म्हटलं, थायरॉइड. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं ती माझ्या पिशवीकडे बघतेय. पिशवीत सासूबाईंचा जुना कागद होता.

आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी ह्यांची बीपीची गोळी लिहिली, माझी थायरॉइडची लिहिली, रक्त कधी तपासलं होतं ते विचारलं. बाळंतपणाला चाललोय म्हटल्यावर हसले, "काकू, मजा आहे तुमची." पासपोर्टवरचं नाव विचारून तसंच लिहिलं. सगळं सुरळीत. मग ह्यांनी पिशवीतून सासूबाईंचा कागद काढला.

"आणि आईची पण तीन महिन्यांची लिहून द्या."

डॉक्टरांचा पेन थांबला. "आजीची तीन महिन्यांची एकदम कशाला?"

"आम्ही नसणार ना इथे."

"हो, पण मग आजीला बघणार कोण?"

ह्याचा आम्ही विचारच केला नव्हता. बघा, इतकी वर्षं खोटं वापरून ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की ती बाई त्यात जिवंत आहे हेच आम्ही विसरलो होतो. तिला जेवायला लागेल, झोपायला लागेल, कोणीतरी बघायला लागेल.

"गडी आहे घरी," हे म्हणाले.

"गडी?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, आजींचं वय काय? तुम्हीच मागच्या वर्षी सांगितलंत, चालताना तोल जातो, दिवसभर पेंगतात. फिटच्या पेशंटला एकटं गड्याच्या भरवशावर तीन महिने ठेवणार? त्यात तिकडे फोन केला तर तुम्ही येणार कसे?"

ह्यांचे कान लाल.

डॉक्टर काही रागावून बोलले नाहीत. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही आठवते. मी आयुष्यात पुष्कळांच्या नजरा झेलल्यात, पण ही वेगळीच. म्हाताऱ्या आजारी सासूला घरात टाकून विमानाने निघालेली सून, असं त्या नजरेत होतं. मी मनात म्हणाले, अरे बाबा, तिने मला मांडीवर घेतलंय.

मग ते मऊ झाले. म्हणाले, "असं करू. मीच रविवारी येतो तुमच्या ब्राह्मणपुरीला. आजींना घरीच बघतो, बीपी-बिपी घेतो, रक्त काढायला मुलगा पाठवतो. न बघता तीन महिन्यांचं मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही तो आग्रह धरू नका. फी वगैरे काही नको, बाबांचे जुने पेशंट आहात."

येतो म्हणाले. आमच्या घरी. मेलेल्या बाईला तपासायला.

हे खुर्चीत आक्रसून बसले होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, रविवारी आई बहिणीकडे जाणार आहे. आणि खरंच त्यांनी तोंड उघडलं. "रविवारी जरा..." एवढंच म्हणाले आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. ह्या माणसाला अजून एक खोटं बोलावं लागणार, तेही एका भल्या माणसाशी, तेही माझ्यासाठी.

"सासूबाई वारल्या," मी म्हणाले. "चार वर्षं झाली. गोळी मी खाते. पहिल्यापासून मीच खाते."

दार अर्धवट उघडं होतं, बाहेर शेजारीण बसलेली. डॉक्टर उठले, त्यांनी दार लावलं आणि परत येऊन बसले. मला वाटलं आता हाकलून देतील. मान वर होईना. टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो होता, त्याच्याकडे बघत बसले.

"काकू," ते म्हणाले, "मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. गोठा, कांदा, धुळं, त्यांच्या वडिलांच्या टेबलावर ठेवलेला हात. सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी फिट येऊन चारचौघांत पडले असते तरी वाटली नसती. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी तो सासूबाईंचा कागद जवळ ओढला, मागची पानं चाळली आणि विचारलं, "मागच्या वर्षभरात फिट आली?"

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"दोनदा," मी म्हणाले. "त्याआधी कित्येक वर्षं एकही नव्हती. मला वाटलं वयाने परत आली."

एकदा मागच्या अंगणात. एकदा पहाटे गॅसपाशी, दूध तापवताना. मी बाही वर केली. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत डाग होता. लेकीला व्हिडिओवर दिसला तेव्हा सांगितलं होतं, दूध उतू गेलं.

डॉक्टरांनी डाग पाहिला आणि हात कपाळाला लावला. "काका," ते ह्यांना म्हणाले, "तुम्ही मला सांगितलंत आजींचा तोल जातो, झोप फार लागते. ह्या गोळीने म्हाताऱ्या माणसांना तसं होतं, किडनी कमी काम करते, गोळी अंगात साठते. म्हणून मी डोस अर्धा केला. आठवतं? मोठी गोळी होती ती लहान करून दिली. ऐंशीच्या म्हातारीसाठी."

ह्यांना आठवत होतं. मलाही आठवत होतं, गोळी लहान आली तेव्हा मी म्हटलं होतं, बरंय, गिळायला सोपी. ह्यांचा तोल-बिल काही खरा नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, आजींना काही त्रास? दर वेळी बऱ्या आहेत म्हणणं ह्यांनाच बरं दिसेना, म्हणून म्हातारीला शोभेलसं काहीतरी ठोकून दिलं. नसलेल्या म्हातारीचा तोल गेला आणि गॅसपाशी मी पडले.

"मी तुला मारलं असतं वं," हे म्हणाले. डॉक्टरांसमोर ते मला कधी तू म्हणत नाहीत.

"चूक माझीही आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशंट न बघता मी लिहीत गेलो. बाबांनी कधी असं केलं नसतं." मला त्यांना आठवण करून द्यायची होती की तुझ्या बाबांनीच नाव बदललं, पण नाही दिली. त्या घटकेला सगळ्यांनाच लाज वाटत होती, अजून एकाला कशाला.

मग त्यांनी मला तपासलं. वजन, बीपी, डोळ्यांत बॅटरी, नाकाला बोट लावा, सरळ रेषेत चाला. किडनीचं रक्त बघून मग गोळी परत वाढवायची, म्हणाले, एकदम नाही, टप्प्याने. दोन आठवड्यांनी परत यायचं. तोपर्यंत फिट आली नाही, रक्त ठीक आलं, तर जायला हरकत नाही, आणि आली तर तिकीट पुढे ढकलायचं, हे आत्ताच कबूल करा. गोळी एक वेळची चुकवायची नाही. सगळ्या एका बॅगेत ठेवायच्या नाहीत, निम्म्या पर्समध्ये, निम्म्या काकांकडे, विमानाच्या पोटात जाते त्या मोठ्या बॅगेत अजिबात नाही, ती हरवते. आणि पाकिटातून काढून डबीत भरायच्या नाहीत. मी लाडवाच्या डब्याचं त्यांना सांगितलं नव्हतं, तरी मला चटका बसला. तिथे उतरल्यावर तिथल्या घड्याळाने खायची. विमानात रात्रभर जागायचं नाही, जागरणाने फिट येते. किती दिवस राहणार त्याच्यावर पंधरा दिवसांच्या जास्तीच्या.

"आणि लेकीला सांगायचं," ते म्हणाले. "कागद तुमच्या नावाने असेल. तिला कळलंच पाहिजे. तुम्हाला काही झालं तर काय करायचं ते तिला माहीत पाहिजे. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही."

मी मान हलवली.

"आणि काकू. बाळाला एकटीने आंघोळ घालायची नाही. गरम पाण्याजवळ नाही, बाळाला घेऊन जिना नाही. डोस बसेपर्यंत तरी नाही. दुसरं कोणी हाताशी असेल तरच."

ह्याच्यासाठीच तर मी चालले होते. मी रडले. चांगली पदर तोंडाला लावून रडले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाहेर आलो तेव्हा शेजारीण म्हणाली, थायरॉइडनं इतकं रडं येस का?

लेकीला फोन करायला मी तीन दिवस घालवले. कधी तिची झोपेची वेळ, कधी जावई घरी. शेवटी ह्यांनीच फोन लावला, माझ्या हातात दिला आणि अंगणात निघून गेले. मी इकडचं तिकडचं बोलले. मग तिला विचारलं, तिथल्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात.

"काही नाही गं, सगळं विचारतात. घरात कोणाला साखर, कोणाला बीपी, कोणाला फिट. मी सांगितलं आजीला फिट यायच्या, बाबांच्या आईला."

"आजीला नाही," मी म्हणाले. "मला."

ते कळलं नाही तिला. मी परत सांगितलं. मग सगळं सांगितलं, गोळी, नाव, डोस, हाताचा डाग. फोनवर तिचा चेहरा दिसत होता, म्हणून मी फोन उताणा ठेवला, माझ्याऐवजी तिला नुसतं छत दिसावं. मला वाटलं, रागावेल. माझं लग्न ठरवताना माझ्या सासरच्यांपासून लपवलंस म्हणेल. हक्क होता तिचा.

"आई," ती म्हणाली, "मी आजीजवळ कधी झोपले नाही. ती बोलवायची. अंथरुणात सरकून जागा करायची. मी पळून यायचे तुझ्याकडे. मला भीती वाटायची तिला रात्री मिरगी येईल."

मला ते आठवत होतं. लेक पळत यायची, माझ्या पांघरुणात शिरायची, आणि मी तिला जवळ घ्यायचे. मिरगी ज्या अंथरुणात होती त्याच अंथरुणात ती येऊन निजायची. पलीकडच्या खोलीत सासूबाई जागा करून बसलेल्या. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "पोर माले भ्यास वं." हसून म्हणाल्या होत्या. मीही हसले होते.

"मग बाळाला न्हाऊ कोण घालेल?" लेकीने विचारलं.

"तू घाल," मी म्हणाले. "मी शेजारी बसते. कसं घालायचं ते सांगते."

"ये तू," ती म्हणाली. "आणि आता फोन सरळ धर."

रक्त चांगलं आलं. गोळी वाढली. दोन आठवड्यांत काही झालं नाही, मी मात्र रोज सकाळी उठून ह्यांना विचारायचे, रात्री काही झालं का. हे म्हणायचे, काही नाही, घोरत होतीस. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी नवा कागद लिहिला. पासपोर्टवर आहे तसं माझं नाव, माझं वय, गोळीचं मूळ नाव, दोन वेळा, तीन महिने आणि वर पंधरा दिवस. वेगळं पत्र इंग्रजीत, की ह्या बाईला हा आजार आहे आणि ही औषधं तिच्या स्वतःसाठी आहेत. सही, शिक्का, नंबर. सासूबाईंच्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि विचारलं, ठेवू का फाइलला? मी म्हटलं, मला द्या. तो माझ्याकडे आहे.

मेडिकलवर गर्दी होती. मालकाने कागद वाचला, गोळ्यांची पाकिटं काउंटरवर रचायला लागला. इतक्या गोळ्यांची रास पाहून लोक बघायला लागले, आणि बघणाऱ्यांत कोण? आमची शेजारीण, ग्राइप वॉटर घ्यायला आलेली.

तिने पाकिटं पाहिली. ही गोळी तिला ओळखीची होती, आमच्या दारात बसून तिने पुष्कळदा पाहिली होती.

"म्हतारी तं गई," ती म्हणाली. "मंग हाई गोई कोनले वं?"

हे काउंटरपाशी उभे होते. त्यांचे कान मला मागून दिसले.

"माले," मी म्हणाले.

"तुले? तुले काय व्हयनं?"

"मिरगी. पयलेपाईन शे."

तिचं तोंड उघडंच राहिलं. मालक पाकिटं मोजायचा थांबला. मी पिशवी उघडून धरली आणि उभी राहिले. उद्या हे सगळ्या ब्राह्मणपुरीत होणार, लेकीच्या सासरी पोचणार, मला ठाऊक होतं. तोंड तापलं होतं. पण शेजारीण माझ्याकडे बघतच नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. तिच्या थोरल्या नातवाच्या बारशाला सासूबाई गेल्या होत्या, बाळाला घ्यायला हात पुढे केले होते, आणि हिने बाळ दुसरीच्या मांडीवर दिलं होतं. मी तिथेच बसले होते.

"मंग म्हतारीले काय व्हतं?" तिने विचारलं.

"तिले काहीच नव्हतं," मी म्हणाले.

ती ग्राइप वॉटरची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. आम्ही पिशवी घेतली आणि गाडीवर बसून घरी आलो.